पाकळी आधी, खाच नंतर

आमचे आजोबा कुठलाही जडावाचा दागिना हातात आला की आधी त्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचे. चष्मा नंतर. नाशिकच्या सराफ बाजारात जिन्याखाली त्यांची बैठक होती, आणि तिथे ते कोंदणकाम करत. खड्याभोवती शुद्ध सोन्याची पातळ पट्टी ठेवायची आणि सळईच्या टोकाने ती दाबत दाबत खड्याला बिलगवायची. नख कुठे अडकलं की समजायचं, तिथे सोनं नीट बसलेलं नाही. मग पुन्हा दाबायचं. शुद्ध सोनं इतकं मऊ असतं की ते रागावत नाही, असं ते म्हणायचे. खडा कसाही वाकडातिकडा असू दे, सोनं त्याच्या अंगाला येतं.

ही सवय माझ्यातही उतरली आहे. त्यामुळे आग्र्याला गेले तेव्हा ताजमहालात माझी फार पंचाईत झाली. जिथे नख फिरवावं असं वाटत होतं, तिथे हात लावायची मुभा नव्हती.

मधल्या दालनात मुमताज आणि शाहजहान यांच्या दर्शनी कबरी आहेत. खऱ्या कबरी खालच्या तळघरात. वरच्या कबरींभोवती अष्टकोनी आकाराचा संगमरवरी जाळीचा कठडा आहे. १६३३ मध्ये तिथे आधी सोन्याचा, मीनाकाम केलेला कठडा बसवला होता. तो काढून १६४३ मध्ये हा संगमरवरी कठडा आला, आणि तो घडवायला दहा वर्षं लागली. सगळ्या ताजमहालात दगडी जडणकाम सगळ्यात दाट आणि सगळ्यात बारीक आहे ते याच कठड्याच्या चौकटींवर आणि आतल्या दोन कबरींवर. बाहेरून भिंतींवर जी उठावातली फुलझाडं दिसतात ती जडवलेली नाहीत. ती अखंड संगमरवरात कोरलेली आहेत, त्यांच्या भोवतीची किनार तेवढी रंगीत दगडांची. पहिल्यांदा येणारा माणूस बहुतेक वेळा इथेच फसतो. मीही फसले होते.

आमच्या गाइडने सगळे गाइड करतात तेच केलं. चौकटीवरच्या एका लाल फुलाजवळ बॅटरीचा झोत नेला आणि फूल आतून पेटल्यासारखं उजळलं. लोक ‘वाह’ म्हणाले. मला मात्र तो उजेड गेल्यावर जे दिसलं त्यात जास्त रस होता. लाल पाकळी आणि पांढरा संगमरवर यांच्या मधली रेघ. ती रेघ नव्हतीच. दोन दगड एकमेकांना लागून, आणि मध्ये काही नाही. इथे सोनं नाही, दाबून बिलगवता येईल असं काहीच नाही. पाकळी दगडाची, कोंदणही दगडाचं. मग हे बसलं कसं?

दुसऱ्या दिवशी यमुनेपलीकडे इतिमाद-उद-दौलाच्या मकबऱ्यावर गेले. नूरजहानने आपल्या वडिलांसाठी, मिर्झा गियास बेग यांच्यासाठी, १६२२ ते १६२८ या काळात तो बांधून घेतला. ताजपेक्षा लहान, पण बाहेरून जवळजवळ इंच न् इंच जडवलेला. तिथे गर्दी नसते, त्यामुळे भिंतीजवळ उभं राहून निवांत बघता येतं. बरंचसं काम भौमितिक आहे, तारे, षटकोन, पट्ट्या. मधूनमधून सुरया, सुरूची झाडं, फुलदाण्या. तिथे मला हवं ते सापडलं. एक तुकडा गळून पडलेला होता, म्हणजे नुसती रिकामी खाच.

पडक्या वाड्याची भिंत उघडी पडली की ती कशी रचली होती ते कळतं, तसंच रिकाम्या खाचेचं आहे. भरलेली खाच काही सांगत नाही. ही बोटाच्या पेराएवढी होती. खोली फार नाही, दोन-तीन मिलिमीटर. कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ आणि तीक्ष्ण. तळ मात्र ओबडधोबड, छिन्नीचे बारीक बारीक घाव तसेच ठेवलेले. कारागीर आळशी होता म्हणून नव्हे. गुळगुळीत तळावर लुकण धरत नाही. भिंतीला गिलावा करताना गवंडी आधी टोचे मारून घेतो, त्यातलंच हे. डोळ्यांना दिसणारी कड नितळ, न दिसणारा तळ खरबरीत. चारशे वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी हाताचे ते घाव मोजत मी पंधरा मिनिटं उभी होते, आणि पहारेकऱ्याला माझा संशय यायला लागला होता.

ताजगंजातल्या गल्ल्यांमध्ये हे काम अजून चालतं. पाट्या, टेबलं, हत्ती, ताजच्या छोट्या प्रतिकृती, पर्यटकांना लागेल ते सगळं. यातलं बरंच भिकार असतं, त्याबद्दल पुढे लिहिते. पण एका ओळखीच्या घरातून मला एका म्हाताऱ्या उस्तादांकडे पाठवलं गेलं. घराच्या ओट्यावर तीन माणसं कामाला बसली होती. उस्तादांना मी ‘चाचा’ म्हटलं, त्यांनी मला ‘बिटिया’ म्हटलं, आणि तीन दिवस मी त्या ओट्याच्या कडेला बसून राहिले. या कामाला ते पच्चीकारी म्हणतात. जुन्या फारसी कागदपत्रांतला शब्द परचीनकारी.

पहिल्याच तासात मी माझा मूळ प्रश्न विचारला. आधी संगमरवरात खाच खोदता आणि मग त्या मापाचा तुकडा घासता, की उलट? चाचा हसले. शेजारच्या पोराकडे बघून म्हणाले, “सब यही पूछते हैं.” मग त्यांनी एक लाल अकीकचा तुकडा माझ्या हातावर ठेवला, दुसऱ्या हातात छिन्नी दिली, आणि म्हणाले, “तराशो इसको.”

मी एक घाव घातला. अकीकवर चांदीसारखी एक रेघ उठली. ती अकीकवरची खूण नव्हती, छिन्नीचं लोखंड त्यावर घासलं गेलं होतं. तीच छिन्नी त्यांनी संगमरवराच्या कपरीवर टेकवली, हलकेच ठोकली, आणि पांढरी भुकटी उडाली.

सगळं गणित यातच आहे. भूगोलाच्या पुस्तकात खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी मोजपट्टी असते. संगमरवर त्यात तीनच्या आसपास. अकीक, यशबसारखे दिसणारे रंगीत जास्पर, ही सगळी गारगोटीची भावंडं, साडेसहा ते सात. पोलादाची छिन्नी या दोघांच्या मध्ये कुठेतरी. म्हणजे छिन्नी संगमरवराला कापते, अकीकला नाही. अकीकला कापायचं तर त्याहून कठीण काहीतरी हवं, आणि ते म्हणजे कुरुंद, नऊ. पण कुरुंदाची छिन्नी होत नाही. त्याची पूड होते, आणि पुडीने फक्त घासता येतं.

तेव्हा रंगीत दगड घासून, कणाकणाने झिजवून आकाराला आणायचा. त्यात कितीही हुशार हात असला तरी कागदावरच्या रेषेच्या केसभर आत-बाहेर होणारच. संगमरवर मात्र छिन्नीचं ऐकतो, हवा तिथे, हवा तेवढा निघतो. मग जो ऐकतो त्यानेच जुळवून घ्यायचं. आधी पाकळी पुरी करायची, ती संगमरवरावर ठेवायची, तिच्या कडेने सुईने रेघ ओढायची, आणि त्या रेघेबरहुकूम खाच खोदायची. नक्षी कागदावर असते, पण संगमरवरावर उतरतं ते कागदावरचं फूल नव्हे. घासून जे झालं ते फूल उतरतं. प्रत्येक खाच एकाच तुकड्याची असते, दुसरा तुकडा तिथे बसत नाही. आजोबांचं सोनं खड्याच्या अंगाला यायचं, इथे संगमरवर येतो. फरक एवढाच की सोनं चुकलं तर पुन्हा दाबता येतं. संगमरवर एकदा उडाला की उडाला.

त्या तीन दिवसांत त्यांच्या हातात एक पाटी होती, जेवणाच्या ताटाएवढी. तिच्या मध्यावर एक फूल. पाच पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीचे दोन तुकडे, वरचा गडद, खालचा फिका. मध्ये एक पिवळा गोल, त्याखाली हिरवी दोन दलं. देठ तीन तुकड्यांचं. पानं चार, प्रत्येक पान मधल्या शिरेवर दुभागलेलं. सगळे मिळून चोवीस तुकडे. देठ एकसंध का नाही, असं मी विचारलं. दोन मिलिमीटर रुंदीची, नागमोडी, तीन इंच लांब दगडी काडी घासून बघ, म्हणजे कळेल, असं उत्तर मिळालं. ती मोडतेच. म्हणून वळणावर सांधे देतात, आणि ते शक्यतो पानाच्या बेचक्यात लपवतात. ताजमधल्या कठड्यावरच्या वेली एका दमात काढल्यासारख्या वाटतात. त्याही अशाच तुकड्या-तुकड्यांच्या आहेत.

पहिलं काम दगडाचे काप करण्याचं. आता त्यासाठी हिऱ्याची धार लावलेली विजेची पाती आहेत. पूर्वी वाकवलेल्या बांबूच्या धनुष्याला तार ताणून, त्या तारेवर कुरुंदाची ओली पूड टाकत टाकत दगड चिरायचा. तार स्वतः काही कापत नाही, ती फक्त पूड पुढे-मागे ओढते. एका तळहाताएवढ्या दगडाचे काप काढायला किती वेळ जात असेल याचा विचार करताना माझेच खांदे भरून आले. काप साधारण दोन मिलिमीटर जाडीचे. पापडापेक्षा जाड, भाकरीपेक्षा पातळ.

मग चाचा काप उजेडाकडे धरून फिरवायचे. मला वाटलं, तडे बघताहेत. तडे तर बघत होतेच, पण मुख्य म्हणजे रंग शोधत होते. अकीकचा एकच काप एका कडेला मधासारखा आणि दुसऱ्या कडेला डाळिंबासारखा असतो. पाकळीचा कागदी नमुना ते असा चिकटवायचे की टोकाकडे गडद आणि बुडाकडे फिकं यावं. रंगकाम करणारा ब्रशने छटा चढवतो, इथे छटा दगडातच असते, फक्त तिची जागा हुडकायची. कबरीवरच्या फुलांमध्ये पाकळी कडेला गडद होत जाते ती अशी. त्यासाठी एका पाकळीपायी आख्खा काप वाया जातो. उरलेले लाल, पिवळे कपचे ओट्याखाली डालड्याच्या जुन्या डब्यात पडलेले होते. लहान तुकड्यांना लहान फुलं लागतात, म्हणून ते टाकत नाहीत.

हा अकीक येतो कुठून, हे ऐकून मला घर आठवलं. गुजरातेत राजपिपळ्याजवळ रतनपूरच्या खाणीतून तो निघतो आणि खंभातच्या कारागिरांकडे जातो. जमिनीतून निघताना तो क्वचितच लाल असतो. मळकट, तपकिरी, पिवळसर असतो. तो आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यांमध्ये भरून शेणीच्या मंद आगीत भाजतात. दगडातलं लोह तापलं की गंजाचा पिवळा रंग जाऊन लाल येतो, विटेची माती भट्टीत लाल होते तसंच. आणि हे दगड मुळात कुठले? आपल्या दख्खनच्या लाव्हाचे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सांडलेल्या लाव्हात वायूचे बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांमध्ये गारेचं पाणी झिरपत झिरपत थरांनी हे खडे तयार झाले. सिन्नरकडच्या माळावर लहानपणी आम्ही ज्या गारगोट्या वेचायचो, त्यांचीच ही गोत्रातली मंडळी. आम्ही त्या एकमेकींवर आपटून ठिणग्या काढल्या आणि फेकून दिल्या.

निळा मात्र आपला नाही. लाजवर्द, ज्याला संस्कृतात राजावर्त म्हणत, तो अफगाणिस्तानातल्या बदख्शांचा. कठीणपणात अकीकपेक्षा बराच मऊ, पाच-साडेपाच. हिरवा मॅलाकाइट त्याहून मऊ, चारच्या आत. हे आकडे मी उगाच देत नाही, पुढे त्यांनी घोळ घातला आहे.

आता घासणं. जमिनीपासून वीतभर उंचीवर एक छोटं उभं चाक, त्याच्या आसाला दोरी गुंडाळलेली, ती दोरी एका धनुष्याला बांधलेली. उजव्या हाताने धनुष्य पुढे-मागे केलं की चाक एकदा इकडे, एकदा तिकडे गरगरतं. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकावर दगडाचा तुकडा, तो चाकाच्या कडेला लावायचा. वर कुरुंदाची पूड आणि पाणी. आमच्या गल्लीत सुऱ्यांना धार लावायला शिकलगार यायचा, त्याचं चाक एकाच दिशेला फिरायचं, हे दोन्ही दिशांना. त्याची सवय व्हायला म्हणे दोन वर्षं लागतात. विजेची चाकं त्यांच्याकडेही आहेत, पण बारीक तुकड्याला चाचा अजून धनुष्यच घेतात. विजेचं चाक थांबत नाही, असं ते म्हणाले, आणि तुकडा कधी थांबायचं ते बोटाला सांगत असतो.

पाकळीची बाहेरची गोलाई सोपी. चाकाला लावायची आणि मनगट फिरवायचं. अवघड आहे ती आत वळणारी कड, म्हणजे हृदयाच्या आकारातली वरची खाच किंवा दोन तुकडे जिथे एकमेकांत बसतात तो बाक. गोल चाकाने आतली गोलाई कशी काढणार? त्यासाठी चाकाची नुसती कड वापरायची, अगदी अरुंद, आणि तुकडा किंचित तिरका धरायचा. तिरका धरण्याचा दुसरा फायदा त्यांनी मला भिंगातून दाखवला. तुकड्याची बाजू सरळ उभी नव्हती, वरून खाली किंचित आत जात होती. म्हणजे वरचा चेहरा पुरा मापाचा, बूड केसभर लहान. दोन तुकडे शेजारी ठेवले की वर कड कडेला भिडते आणि खाली लुकणाला जागा राहते. बाजू काटकोनात घासली आणि खाली कुठे कणभर जास्त राहिलं, तर वर फट दिसणार. ही फट पुढे कशानेही जात नाही.

इथे मला इतिमाद-उद-दौलाच्या भिंती आठवल्या. तिथल्या ताऱ्यांना आणि षटकोनांना सरळ कडा आहेत. सरळ कड घासणं आणि वळती कड घासणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तिथून ताजच्या कठड्यापर्यंत पंधरा-वीसच वर्षं. या थोड्या वर्षांत आग्र्यात कारागिरांची एक आख्खी पिढी आतली गोलाई शिकली. ही कला इटलीतल्या फ्लॉरेन्सहून आली की इथलीच, यावर लोक तावातावाने भांडतात. माझं म्हणणं एवढंच की फ्लॉरेन्सच्या चित्रांमध्ये रंगीत तुकडे एकमेकांना खेटून पाटीचा सगळा पृष्ठभाग झाकून टाकतात. इथे पांढरा संगमरवर मोकळा राहतो आणि फूल त्यात रुजतं. कारागिराच्या हाताला ही दोन कामं वेगळी आहेत.

चोवीस तुकडे झाले की ते कागदावर मांडून बघतात. आणि मग संगमरवराला रंग फासतात. लाल, मेंदीसारखा, पाण्याने धुऊन जाणारा. मी विचारायच्या आतच चाचांनी सुई घेऊन त्यावर रेघ ओढली. लाल पाटीवर पांढरी रेघ लख्ख उठली. पांढऱ्यावर पांढरी रेघ दिसली नसती. एकेक तुकडा जागेवर ठेवायचा, बोटाने दाबून धरायचा, आणि त्याला खेटून सुई फिरवायची. सुई कणभरही तिरकी नको. तिरकी झाली तर खाच मोठी होणार.

खोदण्याच्या छिन्न्या बोटाएवढ्या, काही तर दाभणासारख्या. हातोडी हलकी. रेघेच्या आतल्या अंगाने आधी मधला भाग काढायचा, कडेला सगळ्यात शेवटी यायचं. घाव नेहमी कडेकडून आत, कधीही आतून कडेकडे नाही. आतून मारला तर संगमरवराचा दाणा बाहेरच्या बाजूला उडतो. हे ऐकत होते तेवढ्यात पलीकडच्या तरुण पोराच्या हातून नेमकं तेच झालं. ‘टक्’ असा आवाज आला आणि पानाच्या टोकाशी तांदळाच्या कणीएवढी कपरी उडाली. कुणी काही बोललं नाही. त्याने कपरी शोधली, पुन्हा लावून बघितली, बसली नाही. मग संगमरवराची पूड लुकणात कालवून ती जागा भरली. त्या दिवशी ते अजिबात दिसत नव्हतं.

खाच तुकड्याच्या जाडीपेक्षा किंचित उथळ ठेवतात. तुकडा बसला की कागदाएवढा वर राहिला पाहिजे. खाली गेला तर खेळ संपला. मग सबंध संगमरवर तेवढा घासून खाली आणावा लागतो, किंवा तुकडा काढून खाली भरण द्यावं लागतं. लुकणात काय असतं ते मात्र कुणी सांगत नाही. चुना आणि संगमरवराची पूड दिसली, बाकीच्याबद्दल मी विचारलं तेव्हा चाचा बहिरे झाले. आजोबाही डाग देण्याच्या मसाल्याबद्दल विचारलं की असेच बहिरे व्हायचे.

शेवटचं काम घासून सपाट करण्याचं, आणि वर दिलेल्या आकड्यांचा घोळ इथे होतो. एका पातळीवर तीन, चार, पाच आणि सात अशा कठीणपणाचे दगड आहेत. सगळ्यांवरून एकच घासणी फिरते. संगमरवर आणि मॅलाकाइट भराभर झिजतात, अकीक जागचा हलत नाही. मऊ कापडाने किंवा हाताच्या गादीने घासलं तर अकीकची पाकळी वर राहते आणि भोवतीचा संगमरवर बशीसारखा खोल जातो. म्हणून सपाट, कठीण ठोकळा घ्यायचा, तो पाटीवर पूर्ण टेकवून फिरवायचा, आणि पूड क्रमाक्रमाने बारीक करत न्यायची. घाई केली की हिरव्या पानांवर ओरखडे उठतात. पाटी तिरकी धरून खिडकीचं प्रतिबिंब तिच्यावर बघायचं. खिडकीची चौकट फुलावरून जाताना वाकली नाही तर काम सपाट झालं.

दिवसभर हे सगळं ओलं चालतं, पाण्याचा शिडकावा सतत. ओल्याने धूळ कमी उडते. खंभातला अकीकचा धंदा बराच कोरडा चालत आला, आणि तिथल्या घासणाऱ्यांच्या छातीत ती गारेची धूळ बसून सिलिकोसिस होतो. बरा न होणारा आजार आहे. गाइडच्या झोतात पेटणाऱ्या लाल पाकळीच्या दराबद्दल कधी घासाघीस करावीशी वाटली तर हे आठवावं.

बाजारातल्या मालाबद्दल लिहिते म्हटलं होतं. आग्र्यात ‘संगमरवर’ म्हणून विकलं जाणारं पुष्कळसं सामान मऊ दगडाचं असतं, शंखजिरं किंवा जिप्समच्या जातीचं. उजेड त्यातूनही जातो, त्यामुळे बॅटरी लावून दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. बुडाला, न दिसणाऱ्या जागी, नख ओढावं. नखाचा कठीणपणा अडीचच्या आसपास, संगमरवराचा तीन. ओरखडा उठला तर तो संगमरवर नव्हे. निळा-हिरवा रंग अगदी एकसारखा, डागाशिवाय असेल तर तो बहुधा रंगवलेला असतो. खऱ्या लाजवर्दात बहुधा सोनेरी ठिपके आणि पांढरे ढग असतात, आणि खऱ्या मॅलाकाइटचे पट्टे कधीच सारख्या रुंदीचे नसतात.

औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याला ‘दख्खनचा ताज’ म्हणतात आणि मग नाक मुरडतात. तिथे संगमरवर थोडा, बाकी गिलावा. हे काम बघून आल्यापासून मी नाक मुरडणं सोडलं आहे. गिलाव्यात फूल उठवायलाही हात लागतोच, पण चुना ओला असेपर्यंत चूक पुसता येते.

तिसऱ्या दिवशी चाचांनी मला चाकाशी बसवलं. शेवटची पाकळी राहिली होती, तिचा खालचा फिका तुकडा. अंगठ्याच्या नखाएवढा. धनुष्य ओढताना माझं डावं बोट हलायचं आणि बोट स्थिर ठेवलं की उजवा हात थांबायचा. आजोबांनी मला लहानपणी कानस धरायला शिकवली होती, तिचा इथे काडीचा उपयोग झाला नाही. दीड तासाने जे झालं ते कागदावर ठेवलं तर एका बाजूने सुताभर आत गेलेलं होतं. पाकळी डावीकडे कललेली दिसत होती, वारा लागल्यासारखी. मी म्हटलं, “चाचा, बिघडली. दुसरा काप घ्या.”

त्यांनी ती पाण्यात बुडवली, पुसली, उजेडाकडे धरली. मग वरचा गडद तुकडा घेऊन चाकावर त्याची खालची कड दोन-चार वेळा लावली, माझ्या बाकाला जुळेपर्यंत. दोन्ही तुकडे लाल पाटीवर ठेवले. किंचित फिरवले. बोटाने दाबले, आणि सुई फिरवली.

ती पाटी मी विकत घेतली. अर्थातच घेतली. आता घरी आहे, तिच्यावर मी चहाचा कप ठेवत नाही. गेल्या रविवारी पाहुण्यांना दाखवताना सवयीने नख फिरवलं. माझ्या पाकळीवरून ते सरळ गेलं, कुठे अडकलं नाही. अडकलं पानाच्या टोकाशी, त्या पोराने भरलेल्या कणीवर. तेवढी जागा आता हळदीच्या पाण्यासारखी पिवळसर झाली आहे.